वरच्या मजल्यावरचं नेट

माझी धाकटी जाऊ मुंबईहून आमच्या घरी राहायला आली, तेव्हा तिच्याबद्दल मला वाईट वाटायचं कारण काहीच नव्हतं. माझा दीर बोटीवर असतो. सहा-सात महिने तो समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. तो नसताना मुंबईच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच असायची. तिच्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, तशी सासूबाई म्हणाल्या, "मग तिथे काय करतेस एकटी? ये इकडे." ती आली. रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याला आमचं चिऱ्याचं घर आहे, मागे आंब्याची कलमं आणि थोड्या माडा-पोफळी. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिने टेबल टाकलं, लॅपटॉप ठेवला, आणि तिचं ऑफिस सुरू झालं.

मी खाली. मी शाळेत गणित शिकवायचे. शाळा सोडल्यावर घरी शिकवण्या घेऊ लागले आणि पुढे त्या ऑनलाइन झाल्या. दहावीची मुलं. काही रत्नागिरीतली, काही आसपासच्या गावांतली, काही इथून मुंबईला राहायला गेलेल्या कुटुंबांतली. संध्याकाळी मागच्या खोलीत मी टॅब स्टँडवर लावायची, त्यावर पेनने आकृत्या काढायची आणि बोलायची. माझी खोली, माझा फळा, माझी मुलं. घरात मला जे काही मोठेपण होतं, ते त्या तासा-दीड तासात होतं.

जाऊ आली त्या वर्षी आम्ही जुनं कनेक्शन काढून फायबर घेतलं. राउटर जिन्याच्या वरच्या टोकाला बसला, कारण वायर तिथून आत आली. तो तिच्या दारासमोर आहे हे मला तेव्हा खटकलं नव्हतं. खटकायला लागलं ते दिवाळीनंतर.

एका संध्याकाळी मी वर्तुळाची स्पर्शिका समजावत होते आणि टॅबमधून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही दिसत नाही. तुम्ही थांबलात." मी थांबले नव्हते, बोलत होते. पण तिकडे माझं तोंड अर्धवट उघडं राहून गोठलेलं होतं. थोड्या वेळाने मी सुटले, तोवर मुलांचं प्रमेय निम्मं निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आवाज तुटक यायला लागला. मुलं आपली गमतीने म्हणायची, "मॅडम रोबोट झाल्या." मी हसायची.

आणि त्याच वेळी डोक्यावरून, लाकडी तक्तपोशीच्या फटींतून, जावेचा आवाज यायचा. स्वच्छ, भरभर, इंग्रजीत. तिच्या कंपनीची माणसं दुसऱ्या देशात, म्हणून तिच्या मीटिंगाही संध्याकाळीच. ती कधी थांबायची नाही. कुणी तिला "तुम्ही दिसत नाही" म्हणायचं नाही. मध्येच ती हसायची, आणि तिकडचे चार-पाच जण हसलेले मला खाली ऐकू यायचे.

एकाच घरात, एकाच तारेवर, एकाच बिलावर. तिचं वाहतं आणि माझं तुंबतं. मला आधी राग आला, मग राग मुरला आणि त्याचं जे झालं त्याला मराठीत एकच शब्द आहे. मत्सर. मी तो शब्द स्वतःशी तेव्हाच उच्चारला होता. उच्चारून कमी झाला नाही.

त्यात सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेले. पडवीतल्या खुर्चीवर बसून त्या दिवसभर मोबाइल बघायच्या, आणि मोबाइलवर काय, तर वाडीतली कलमं. वाडीच्या टोकाला आमचा मांगर आहे, अवजारं आणि पंप ठेवायची जागा. त्या मांगराच्या वाशाला जावेने एक कॅमेरा लावून दिला होता. मुंबईच्या फ्लॅटच्या दारावर तो पूर्वी होता, जुनाच, पण चालू होता. माकडांनी आम्हाला अगदी जेरीस आणलं होतं. मोहोर ओरबाडायची, कोवळे नारळ पाडायची. आता सासूबाई खुर्चीतूनच माकड बघायच्या आणि ओरडायच्या, आणि घरात जो असेल तो डबा बडवत धावायचा.

"धाकटीने मला डोळे दिले गो," त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. "बसल्या जागी सगळी वाडी दिसते."

मी त्यांचे गुडघे रोज तेलाने चोळायची. डोळ्यांत औषध घालायची. ते कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

नेट बघायला मी कनेक्शनवाल्याला बोलावलं. तो आला, राउटरमधून एक वायर काढून त्याने स्वतःच्या लॅपटॉपला लावली, वेग मोजला. "ताई, लाइन एकदम बरोबर आहे. जेवढा वेग घेतलाय तेवढा येतोय." मग वायरशिवाय माझ्या टॅबवर मोजला, तर आकडा तळाला. तो म्हणाला, "म्हणजे बाहेरून येतंय ते ठीक आहे. घरातल्या वायफायमध्ये काहीतरी आहे. कोण काय वापरतं ते बघा." आणि त्याला दुसरीकडे जायचं होतं, तो गेला.

कोण काय वापरतं? मी वर बघितलं. मला दुसरं काही सुचण्याची गरजच नव्हती.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तिच्या मीटिंगा सगळं नेट ओढून घेतात. आपल्याला काय उरणार?" तो म्हणाला, "माझंही अडकतं. बातम्यांचा व्हिडिओ लागत नाही. आईचाही फोन मध्येच गोल गोल फिरतो. तिला विचार ना." मी विचारणार नव्हते. तिला विचारायचं म्हणजे तिने हातातलं काम टाकून, "थांबा वहिनी, मी बघते," म्हणायचं, आणि मग पुन्हा सासूबाईंना सांगायला एक गोष्ट.

पुढच्या आठवड्यात जावेला ऑफिसच्या कामाने मुंबईला जावं लागलं. तिला एसटीच्या स्टँडवर सोडून नवरा परत आला तेव्हा मी मनातून इतकी खूश होते की संध्याकाळी क्लासच्या आधी मी चहा सुद्धा आल्याचा केला. आज बघू या, म्हटलं. लॅपटॉप गेला, मीटिंगा गेल्या.

क्लास सुरू झाला आणि पहिल्याच उदाहरणाला मी गोठले.

आयुष्यात इतकी विचित्र निराशा मला कधी झाली नव्हती. नेट चालत नाही याचं दुःख कमी होतं. ती दोषी नाही, याचं जास्त होतं.

ती परत आली, आणि थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी क्लास चालू असताना लाइट गेली. आमच्याकडे ते नेहमीचंच. राउटर आणि फायबरची डबी इन्व्हर्टरवर आहे, माझ्या खोलीतला एक दिवाही आहे, पंखा नाही. मी घाम पुसत शिकवत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की कुणीही काही बोललेलं नाही. कुणी "मॅडम, परत सांगा" म्हटलं नाही. सगळी मुलं हलत होती. एकाने पेन चावलेलं मला दिसलं. मी एक आख्खं त्रिकोणमितीचं गणित न अडखळता पूर्ण केलं.

लाइट आली. पंखा फिरायला लागला, आणि दोन मिनिटांत मी पुन्हा गोठले.

योगायोग असेल म्हणून मी गप्प राहिले. पण पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मी लक्ष ठेवलं. पुन्हा तेच. अंधार झाला की नेट सुरळीत, उजेड आला की बिघाड. मी गणिताची बाई. एक गोष्ट असताना होतं आणि नसताना होत नाही, तर ती गोष्ट कोणती, हे शोधायला मला कनेक्शनवाल्याची गरज नव्हती. लाइट गेल्यावर घरात काय बंद होतं? पंखे, फ्रीज, पंप, टीव्ही. यातलं वायफायवर काय? टीव्ही आमचा जुना, त्याला वायफाय नाही.

एका सकाळी लाइट जाऊन परत आली, तेव्हा पडवीतून सासूबाई म्हणाल्या, "लाइट गेली की माझी वाडी दिसत नाही मेली."

मी हातातली कणीक तशीच ठेवली आणि मांगराकडे गेले. तो मांगर इन्व्हर्टरवर नाही. कॅमेऱ्याचा प्लग काढला. परत येऊन टॅबवर एक व्हिडिओ लावला. धबधब्यासारखा चालला. मांगरात गेले, प्लग लावला. व्हिडिओ अडकला. मी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा करताना मी एकटीच वाडीत हसत होते.

तिचाच कॅमेरा! सासूबाईंचे डोळे! मला वाटलं, आत्ता आत जाऊन सगळ्यांसमोर सांगावं. पण सांगितलं असतं तर ते दोन मिनिटांत संपलं असतं. मला ते संपायला नको होतं. माझ्याकडे असं काहीतरी होतं जे तिच्याकडे नव्हतं. मी ते ठेवून घेतलं.

रोज क्लासच्या आधी मी कढीलिंब तोडायला म्हणून मागे जायची आणि प्लग काढायची. क्लास झाला की परत लावायची. क्लास सुंदर व्हायला लागले. मुलांच्या आया फोन करून सांगायला लागल्या की हल्ली तुमचं नीट ऐकू येतं. आणि पडवीत सासूबाई कुरकुरायला लागल्या, की तिन्हीसांजेला नेमकी वाडी गायब होते, माकडं तेव्हाच तर येतात.

त्या माझ्याकडे कुरकुरल्या नाहीत. कॅमेरा धाकटीचा होता, म्हणून त्या धाकटीकडे कुरकुरल्या. ती रविवारी शिडी घेऊन मांगरात गेली. कॅमेऱ्यातल्या मुंग्या काढल्या, प्लग घासला, वायर बदलली, खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती. "जुना आहे ना आई, माझी चूक, मी नवाच आणायला हवा होता," ती म्हणाली. सासूबाईंनी मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मी मागच्या दारात उभी राहून हे सगळं बघितलं. मला बरं वाटलं. तेवढं खरं लिहायला हवं.

दोन दिवसांनी क्लास संपवून मी मांगरात प्लग लावायला गेले, तर ती तिथे उभी होती.

"वहिनी, कॅमेरा तुम्ही बंद करता का?"

मी म्हटलं, "मी कशाला करू?"

"राउटरच्या अॅपमध्ये दिसतं. कोण कधी जोडलं गेलं, कधी तुटलं. रोज तुमचा क्लास सुरू व्हायच्या आधी हा जातो आणि क्लास संपला की येतो. रविवारी क्लास नसतो, रविवारी तो जात नाही."

हातात कढीलिंबाची डहाळी घेऊन मी उभी होते. मग माझ्या तोंडून सुटलंच. "हो, मीच करते. तुझा हा कॅमेरा माझा क्लास खातो. इतके दिवस मुलांसमोर माझं हसं झालं. तुला वर काय, तुझं सगळं छान चालतं. तुला खाली बघायचं कारणच काय?"

मला वाटलं ती रडेल. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. "पण हा एवढासा कॅमेरा," ती म्हणाली. "हा कितीसा डेटा पाठवतो? माझ्या एका मीटिंगला याच्या कितीतरी पट लागतो. याच्याने क्लास कसा अडेल?"

"लावून बघ," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी लावून बघितलं. मी घरात टॅब घेऊन, ती मांगरात प्लगजवळ, मध्ये आरोळ्या. "काढ!" "काढला!" "चालला!" सासूबाई पडवीतून विचारत होत्या की माकडं कुठे आहेत. शेवटी ती पळत आली, वर जाऊन लॅपटॉप घेऊन खाली माझ्या खोलीत आली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. राउटरचं पान तिने उघडलं. तिथे घरातल्या प्रत्येक उपकरणाचं नाव आणि त्यासमोर ते राउटरशी किती वेगाने बोलतं तो आकडा होता.

माझ्या टॅबसमोर बहात्तर. सासूबाईंच्या मोबाइलसमोर पासष्ट. कॅमेऱ्यासमोर एक.

"एक?" ती म्हणाली. "अरे देवा. वहिनी, हा एकवर आलाय."

मी म्हटलं, "एक म्हणजे काय ते नीट सांग."

तिने सांगितलं ते असं. वायफायमध्ये एका वेळी एकच बोलू शकतो, कारण हवा सगळ्यांची एकच. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, मग दुसऱ्याची पाळी. आता कॅमेरा जुना, त्याला भरभर बोलता येतच नाही. त्यात तो लांब, मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. सिग्नल इतका क्षीण की तो आणि राउटर दोघेही अगदी सावकाश बोलतात, नाहीतर एकमेकांना कळत नाही. म्हणून पाठवायचं थोडं असलं, तरी ते पाठवायला त्याला वेळ फार लागतो. आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प.

मी कागद ओढला. "म्हणजे जेवढा तुकडा पाठवायला माझ्या टॅबला एक क्षण लागेल, तेवढाच पाठवायला याला ढोबळ सत्तर क्षण."

"हो. आणि आई तो दिवसभर चालू ठेवतात. म्हणजे हा दिवसभर बोलतोच आहे."

"मग डेटा किती हा प्रश्नच नाही. वेळ किती अडवला हा प्रश्न आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मी डेटा बघत होते," ती म्हणाली. "गेला महिनाभर मला वाटत होतं तुमच्याकडे व्हिडिओ बघितले जातात म्हणून अडतंय. मला बोलायचा संकोच वाटला."

मग मी तो प्रश्न विचारला जो मला खरा विचारायचा होता. "तुझं कसं चालतं मग? तू काय हवेबाहेर आहेस?"

ती जरा लाजली. "मी दुसऱ्या नावावर आहे. आपला राउटर दोन वायफाय सोडतो. एक साधं आणि एक ज्याच्या शेवटी फाइव्ह जी लिहिलंय. ते वेगळ्या लहरींवर चालतं, कॅमेऱ्याला ते धरताच येत नाही. मी एकटीच तिथे आहे. तुम्हाला मी म्हटलं होतं, त्यावर या म्हणून. तुम्ही म्हणालात, माझ्या सिममध्ये फाइव्ह जी नाही, असू दे."

म्हटलं होतं तिने. जिन्यात. मी तेव्हा तिचं वाक्य पुरतं ऐकलंही नव्हतं. तिने काही सुचवलं की माझं 'असू दे' तयार असायचं. सिमचा आणि त्याचा काही संबंध नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि तिच्याकडून ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

आम्ही माझा टॅब तिच्या वायफायवर घातला. ओसरीवर फार छान चालला. माझ्या खोलीत आणला तर एक रेघ उरली, मग तीही गेली. त्या लहरी भिंतींतून कमी जातात, ती म्हणाली, आणि आमच्या दोन भिंती मध्ये. वरच्या मजल्यावरचं नेट वरच्या मजल्यावरच राहिलं. मला पुन्हा पोटात दुखलं, पण या वेळी ती समोर बसून कपाळाला हात लावून विचार करत होती, त्यामुळे नीट दुखता आलं नाही.

"म्हणजे कॅमेऱ्यालाच हवेतून काढलं पाहिजे," ती म्हणाली. "मी नवा मागवते."

"नवा मागवला तरी मांगर तिथेच, भिंती त्याच. नवासुद्धा हळूच बोलेल ना?"

"याच्यापेक्षा बरा बोलेल. पण हो, सावकाशच." तिने जुन्या कॅमेऱ्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला. "वहिनी, याला मागे वायरचं भोक आहे. नेटची वायर लागते याला. वायरने जोडला तर तो हवेत बोलणारच नाही."

नवऱ्याने संध्याकाळी ऐकलं आणि आधी नन्नाचा पाढाच सुरू केला. वाडीतून घरात वायर आणायची म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडल्या की वायरीतून राउटरसकट सगळं जाईल. त्याचं बरोबर होतं. शेजाऱ्यांचे दोन राउटर असेच गेले आहेत. मग ठरलं की गडगडायला लागलं की वायर राउटरमधून उपटून ठेवायची, आणि आंबे उतरले की कॅमेराच काढायचा. कलमांवर काही नसताना माकडं बघायची कशाला?

रविवारी वायर टाकायची ठरली. मला वाटलं होतं ती कुणा माणसाला बोलावेल. सकाळी ती जुना ड्रेस घालून, केस बांधून खाली आली. बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या पाइपातून आम्ही वायर ओवली आणि वाडीच्या कडेच्या दगडी गडग्याला धरून मांगरापर्यंत नेली. मी पुढे पाइप धरून, ती मागे तारेने बांधत. ऊन चढलं. सासूबाई पडवीतून आम्हाला मोबाइलवर बघत होत्या आणि सूचना देत होत्या.

मध्येच सावलीत बसलो तेव्हा ती म्हणाली, "तुमचा क्लास वर ऐकू येतो मला."

मी म्हटलं, "मोठ्याने बोलते मी. शाळेची सवय."

"तसं नाही. तुम्ही गोठलात की मुलं ओरडतात. मॅडम, मॅडम करून. तुम्ही परत आलात की हुश्श करतात." ती पायातला काटा काढत होती. "माझ्याकडे सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. मी बोलते तेव्हा काळ्या चौकोनांशी बोलते. मध्ये एकदा माझं नेट खरंच गेलं होतं. मी परत आले तेव्हा त्यांची पुढची चर्चा चालू होती. मी गेले होते हे कुणाला कळलंच नव्हतं."

मला ते हसणं आठवलं, तक्तपोशीतून ऐकू येणारं. "पण हसता ना तुम्ही सगळे," मी म्हटलं.

"तेवढं करावं लागतं," ती म्हणाली आणि उठली.

कॅमेऱ्याला वायर लागली. तिने त्याच्यातलं वायफाय बंद केलं. मग राउटरमध्ये जाऊन एक सेटिंग बदललं, की फार जुन्या, फार मंद वेगावर यापुढे कुणाशी बोलायचंच नाही. त्याचा परिणाम नवऱ्याच्या पुरातन प्रिंटरवर झाला. तो रुसला, जोडलाच जाईना. त्यालाही वायर लावली, नवऱ्याच्या लॅपटॉपला थेट. नवरा दोन दिवस कुरकुरला आणि मग विसरला. ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना वायर, आणि हवा फिरणाऱ्यांसाठी, असा आमच्या घरात नियमच झाला.

सोमवारी संध्याकाळी मी क्लास घेतला. लाइट होती, पंखा होता, मांगरात कॅमेरा चालू होता, पडवीत सासूबाई माकडं मोजत होत्या, आणि मी एकदाही थांबले नाही. नवऱ्याच्या बातम्या शेजारच्या खोलीत विनासायास ओरडत होत्या. शेवटी मुलांना मी एक अवघड गणित दिलं आणि ती सोडवत असताना नुसती त्यांच्याकडे बघत बसले. वरून जावेचा आवाज येत होता. मी कान देऊन ऐकलं. ती बोलत होती, आणि मध्ये कुणीच काही बोलत नव्हतं.

इथे मत्सर संपला असं लिहिलं तर ते सोयीचं होईल, पण खोटं होईल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "धाकटीने एवढी लांब वायर टाकली हो, मांगरापर्यंत. उन्हातान्हात." माझ्या हाताला गडग्यावर खरचटलेलं अजून झोंबत होतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि कप जरा जोरात आपटले. आतून मला ऐकू आलं, जाऊ जिन्यावरून उतरताना म्हणत होती, "आई, शोधून वहिनींनी काढलं. मी महिनाभर चुकीच्या जागी बघत होते." सासूबाई म्हणाल्या, "हो का?" आणि विषय आंब्याच्या मोहोराकडे गेला. मी चहात साखर घातली की नाही ते मला आठवेना, म्हणून पुन्हा घातली. काकूंनी गोड चहा तक्रार न करता प्यायला.

मार्चमध्ये दीर सुट्टीवर आला आणि दोघं त्याच्या मित्राकडे पुण्याला गेली. जाताना ती म्हणाली, "वहिनी, मी नाही तोवर क्लास वर घ्या. तिथे ते दुसरं नेट पूर्ण मिळेल." मी 'असू दे' म्हणणार होते. तोंडात आलेला शब्द गिळला आणि म्हटलं, "बरं."

संध्याकाळी टॅब घेऊन मी वर गेले. इतके महिने मी त्या खोलीची मनात जी कल्पना केली होती, त्यात खिडकी होती, खिडकीतून दिसणारे माड होते, त्यापलीकडे समुद्राची पट्टी होती, आणि त्या सगळ्यासमोर बसून हसणारी ती होती. खिडकी होती. माड होते. पट्टीही दिसत होती. पण टेबल त्यांच्याकडे पाठ करून, कोऱ्या भिंतीला लावलेलं होतं. खुर्चीत बसल्यावर समोर चुन्याची भिंत आणि तिच्यावर जुन्या खिळ्याचं एक भोक, एवढंच दिसत होतं. का, तेही लक्षात आलं. तिच्या पाठीमागे खिडकी नसती तर तिकडच्या लोकांना मागे कपड्यांची दोरी आणि जुनी कपाटं दिसली असती. खिडकी सगळ्यात नीटनेटकी होती, म्हणून ती त्यांच्या वाट्याला दिली होती.

मी त्या भिंतीकडे बघत एक क्लास घेतला. नेट उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही टेबल उचलून खिडकीखाली ठेवलं. कपड्यांची दोरी मी गच्चीत नेली. कपाटांवर एक जुनी, धुतलेली साडी पडद्यासारखी लावली.

दोघं परत आली, ती वर गेली, आणि लगेच जिन्याच्या टोकाशी आली. "वहिनी, टेबल तुम्ही हलवलंत?"

"बघ, आवडत नसेल तर परत ठेवू."

"नाही, नको." ती तिथेच उभी राहिली. "समुद्र दिसतो."

"मग बघ ना."

त्या संध्याकाळी तिची मीटिंग चालू असताना दारावरून जाताना मी आत डोकावले. ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिची नजर स्क्रीनवरून उठून खिडकीबाहेर जात होती. मला वाटलं, हे मी दिलं तिला. आणि त्याच क्षणी हेही वाटलं की खाली माझ्या खोलीतून विहीर आणि केळी दिसतात, समुद्र नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना काठी देऊन, आम्ही दोघींनी धरून वर नेलं, सुनेची खोली बघायला. त्या खुर्चीत टेकल्या, खिडकीतून बघितलं, पडद्याच्या साडीला हात लावला.

"धाकटीने किती छान लावलीये गो खोली," त्या म्हणाल्या.

"मी लावली ती," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं, मग जावेकडे बघितलं. जाऊ तोंडाला पदर नव्हता म्हणून हात लावून हसत होती.

"मग माझी पडवी कधी लावतेस?" सासूबाई म्हणाल्या.